किलोमागे स्वस्त, पण घरात महाग

पाकिटाच्या किमतीला वजनाने भागलं की दर कळतो, हे सगळ्यांना येतं. पाकिटावर छापलेला दर एमआरपीवरून काढलेला असतो, म्हणून सूट असेल तर भागाकार आपणच करावा. तेलाच्या डब्यावर किलो लिहिलंय की लिटर, तेही बघावं. 15 लिटर तेल साधारण पावणेचौदा किलोच भरतं. एवढं जमलं की दर काढण्याचं काम संपलं.

पण 'किलोमागे वीस रुपये वाचले' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. तो दर विकत घेतलेल्या किलोचा असतो. बचत ठरते ती पोटात गेलेल्या किलोवर.

शेंगदाण्यांचंच घ्या. समजा एक किलो 150 रुपयांना आहे आणि पाच किलोची पिशवी 650 ला, म्हणजे किलोला 130. घरात माणसं दोन, महिन्याला अर्धा किलो दाणे लागतात. म्हणजे पिशवी दहा महिने पुरणार. जूनमध्ये आणली तर सगळा पावसाळा तिला घरातच काढायचा आहे. दाण्यात तेल भरपूर, त्यामुळे दमट, उबदार हवेत ते खवट होतात. शेवटचा एक किलो टाकावा लागला, तर 650 रुपयांत चारच किलो खाल्ले: किलोला 162 रुपये 50 पैसे. सुटा किलो घेतला असता तर 150 च पडले असते.

फायदा कुठे संपतो तेही काढता येतं. 650 ला 150 ने भागा, सव्वाचार किलोच्या थोडं वर उत्तर येतं. तेवढे दाणे चांगले असताना संपले, तरच पुढचा दाणा फुकटात पडतो. अर्ध्या किलोच्या हिशोबाने त्याला साधारण पावणेनऊ महिने लागतात. दुकानात हाच प्रश्न विचारायचा: हा माल आपल्याकडे तितके दिवस टिकेल का? सूट जितक्या टक्क्यांची, तितके टक्के माल वाया गेला की सूट संपली. दहा टक्के सूट असेल तर दहातला एक भाग टाकला तरी बरोबरी होते.

सहा माणसांच्या घरात महिन्याला दीड किलो दाणे लागत असतील, तर तीच पिशवी सव्वातीन महिन्यांत संपते. त्यांनी ती जरूर घ्यावी. दोघांनी घ्यायचीच असेल तर शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावी, किंवा हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावी, तेही जागा असेल तरच. वास घेऊन आणि एक दाणा चावून बघावा. कडवट लागला तर कुटात खपवू नये, आणि बुरशी दिसली तर वरवर निवडत बसू नये.

रवा, बेसन, मैदा यांचाही मी कधी साठा करत नाही. पावसाळ्यात त्यांत अळ्या आणि पोरकिडे होतात. साखर, मीठ आणि कपड्यांचा साबण मात्र कोरड्या जागी ठेवला तर हवा तेवढा घ्या.