एक नो ट्रम्पनंतरचं ट्रान्सफर: इस्पिक हवं असताना बदाम का बोलायचं

आमच्याकडून ब्रिजचे बिडिंग बॉक्स किंवा बोर्डांचा सेट नेलेल्या मंडळींचा एक प्रश्न कायम येतो. भिडूने एक नो ट्रम्प ओपन केलं, माझ्याकडे इस्पिकची पाच पानं आहेत, मग सरळ इस्पिक बोलायचं सोडून बदाम का बोलायचं? फोनवर दोन वाक्यांत सांगितलं की पटल्यासारखं वाटतं आणि टेबलवर बसलं की परत गोंधळ होतो, म्हणून हे पत्रक सेटसोबतच देतोय. घरी चौघं जमलात की खाली दिलेली पानं खरंच वाटून बघा, वाचण्यापेक्षा त्याने लवकर कळेल.

आधी नियम. एक नो ट्रम्प म्हणजे 15 ते 17 पॉइंट आणि चारही रंगांत बऱ्यापैकी समान वाटणी (एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचे 1). यावर समोरच्या भिडूकडे बदामची पाच किंवा जास्त पानं असतील तर त्याने दोन चौकट बोलायचं, आणि इस्पिकची पाच किंवा जास्त असतील तर दोन बदाम. म्हणजे आपला जो रंग आहे त्याच्या एक पायरी खालचा रंग. ओपनरने काय करायचं, तर एक पायरी वर जायचं, दोन चौकटवर दोन बदाम, दोन बदामवर दोन इस्पिक, बस. अमेरिकेत ओसवाल्ड जेकबीने 1956 साली ही पद्धत मांडली म्हणून हिला जेकबी ट्रान्सफर म्हणतात, स्वीडनमध्ये ओले विलनरने त्याच्या थोडं आधीच यावर लिहिलेलं होतं.

आता यात मेख कुठे आहे ते बघा. ब्रिजमध्ये डिक्लेरर कोण होतो? ज्या रंगात शेवटचा कॉन्ट्रॅक्ट ठरला तो रंग जोडीतल्या ज्याने पहिल्यांदा उच्चारला तो. भिडू स्वतः दोन इस्पिक बोलला तर खेळणार तो आणि एक नो ट्रम्पवाल्याची सगळी भारी पानं डमी म्हणून टेबलवर उघडी पडणार. तेच भिडू दोन बदाम बोलला आणि ओपनरने दोन इस्पिक म्हटलं, तर इस्पिक हा शब्द पहिल्यांदा ओपनरच्या तोंडून गेला, म्हणजे खेळणार ओपनर आणि टेबलवर उघडी पडणार ती हलकी पानं. ट्रान्सफरचा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी आहे.

पण एवढ्याने फरक काय पडतो? सेटमधला तीन नंबरचा बोर्ड घ्या, त्यावर डीलर साउथ आहे आणि नॉर्थ-साउथ व्हल्नरेबल नाहीत. पानं अशी लावा:

साउथ: इस्पिक राजा-7-3, बदाम एक्का-राणी-8-4, चौकट राजा-5, किल्वर राजा-10-6-2
नॉर्थ: इस्पिक राणी-गुलाम-10-6-4, बदाम राजा-6, चौकट 8-3, किल्वर राणी-गुलाम-9-4
वेस्ट: इस्पिक एक्का-5, बदाम 10-9-7-5-2, चौकट एक्का-राणी-10-6, किल्वर एक्का-8
ईस्ट: इस्पिक 9-8-2, बदाम गुलाम-3, चौकट गुलाम-9-7-4-2, किल्वर 7-5-3

साउथकडे 15 पॉइंट, नॉर्थकडे 9, दोघांचे मिळून 24 आणि इस्पिकची आठ पानं. चार इस्पिकपर्यंत जायलाच हवं, म्हणजे दहा हात करायचे.

आधी जुन्या पद्धतीने बोली करून बघा. साउथ एक नो ट्रम्प, नॉर्थ तीन इस्पिक म्हणजे पाच पानं आहेत आणि गेमला जायचंय, साउथकडे तीन इस्पिक आहेत म्हणून तो चार इस्पिक. डिक्लेरर नॉर्थ, कारण इस्पिक आधी तो बोलला. त्यामुळे उतारी ईस्टची. ईस्टचा लांब रंग चौकट, तो चौकटची चव्वी उतरतो आणि डमीत राजा-5 उघडे पडलेत. आता तुम्ही राजा टाका, वेस्ट एक्क्याने मारतो आणि मग राणी वाजवतो. पंजी टाका, वेस्ट राणीने हात घेतो आणि पुढच्याला एक्का वाजवून राजा पाडतो. काहीही करा, चौकटचे दोन हात गेले. पुढे इस्पिकचा एक्का आणि किल्वरचा एक्का जाणारच आहेत, ते कोणी अडवू शकत नाही. चार हात गेले, कॉन्ट्रॅक्ट एकने बुडाला, 50 पॉइंट समोरच्यांना. नॉर्थने खेळण्यात काहीच चूक केलेली नाही हे मुद्दाम बघा, पहिलं पान पडलं तेव्हाच निकाल लागलेला होता.

आता हीच पानं ट्रान्सफरने. साउथ एक नो ट्रम्प, नॉर्थ दोन बदाम, साउथ दोन इस्पिक, नॉर्थ तीन नो ट्रम्प. या तीन नो ट्रम्पचा अर्थ असा की माझ्याकडे इस्पिक पाच आहेत, गेमचे पॉइंट आहेत, आता इस्पिक खेळायचं की नो ट्रम्प ते तू ठरव. साउथकडे इस्पिकची तीन पानं आहेत म्हणजे आठ पानांची जोडी झाली, तो चार इस्पिक बोलतो. कॉन्ट्रॅक्ट तोच, फक्त डिक्लेरर साउथ आणि उतारी वेस्टची.

वेस्टच्या जागी बसून विचार करा. चौकट उतरला तर साउथचा राजा शेवटी खेळतो, एक्का पडला तर राजा पुढच्या फेरीला चालतो आणि छोटं पान पडलं तर लगेच हात करतो. म्हणजे चौकट वेस्टला काढताच येत नाही, ती ईस्टने काढायला हवी आणि ईस्टकडे आत यायला एकही पान नाही. समजा वेस्ट बदामची दश्शी उतरला. डमीच्या राजाने घ्या आणि इस्पिकची राणी चालवा. वेस्ट एक्क्याने घेतो आणि परत बदाम खेळतो, तो हातातल्या एक्क्याने घ्या. इथे लगेच बदामची राणी वाजवायचा मोह आवरा, ईस्टकडचे बदाम संपलेत आणि त्याच्याकडे अजून हुकूम आहेत, तो कापेल आणि मग तो आत आला की चौकट येणारच. आधी हुकूम काढा: इस्पिकची सत्ती डमीच्या गुलामाला, मग तिथून चव्वी हातातल्या राजाला. ईस्टची तिन्ही पानं निघाली आणि तुम्ही बरोबर साउथमध्ये आलात. आता बदामची राणी वाजवा आणि तिच्यावर डमीतली चौकटची तिर्री फेकून द्या. पुढे किल्वर चालवा, एक्का जाईल, बाकीचे तीन हात तुमचे. चौकटचा एकच हात जातो. इस्पिकचे चार, बदामचे तीन, किल्वरचे तीन, झाले दहा, 420 पॉइंट. आणि मध्येच कधी वेस्टने चौकटचा एक्का वाजवलाच तर साउथचा राजा मोठा होतो, म्हणजे हिशोब तरी तोच.

म्हणजे कारण हे आहे की राजा-5 किंवा एक्का-राणी अशी जी अर्धवट ताकद असते तिला उतारी आपल्याकडे येणारी हवी, आपल्या अंगावरून जाणारी नको. डिक्लेरर उतारीच्या फेरीत सगळ्यात शेवटी खेळतो त्यामुळे त्याच्या हातातल्या अशा पानांना पूर्ण किंमत मिळते. 15 ते 17 पॉइंटवाल्याकडे अशी पानं जास्त असणार हे उघड आहे, आणि भिडूकडे 3-4 पॉइंट असतील तर त्याच्याकडे वाचवण्यासारखं बहुतेक काही नसतंच. दुसरा फायदा बचाव करणाऱ्यांच्या बाजूने बघितलं की दिसतो. भारी पानं टेबलवर उघडी असली की त्यांना सगळं मोजता येतं, राजा कुठे, राणी कुठे, काय खेळायचं ते कळतं. हलकी पानं उघडी असली की त्यांना साउथबद्दल एवढंच माहीत असतं, 15 ते 17 पॉइंट आणि समान वाटणी, आणि पुढे अंदाजच करावे लागतात.

हे दरवेळी जमतंच असं मात्र नाही. अशाच एखाद्या डावात चौकटचा राजा नॉर्थकडे, एक्का-राणी ईस्टकडे आणि साउथकडे दोन छोटी पानं असती तर ट्रान्सफरमुळे उलट नुकसान झालं असतं. पण तसं होणं कमी वेळा, कारण जास्त पॉइंट ओपनरकडे आहेत, आणि वर्षभराचे डाव धरले तर झुकतं माप ट्रान्सफरकडेच राहतं.

चुका कुठे होतात ते आता, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच असतात. ओपनरकडे इस्पिकची दोनच पानं असतात आणि तो दोन बदामवर दोन इस्पिक बोलायला कचरतो, दोन नो ट्रम्प बोलून मोकळा होतो. असं करू नका. भिडूकडे इस्पिक पाच आणि पॉइंट शून्य असू शकतात आणि तो दोन इस्पिकवर पास करायच्या तयारीने बसलेला असतो, कमजोर पानांनी एक नो ट्रम्प खेळण्यापेक्षा दोन इस्पिक बऱ्याचदा एखादा हात जास्त देतं. दोन पानं असली तरी एक पायरी वर जायचंच. चार पानं आणि 17 पॉइंट असतील तर तीन इस्पिकवर उडी मारता येते, पण ते दोघांनी आधी ठरवलेलं असेल तरच.

विसरणं ही सगळ्यात महागडी चूक. ओपनर ट्रान्सफर विसरून दोन बदामवर पास झाला तर तुम्ही दोन पानांच्या हुकुमात खेळायला बसता आणि बाकी सगळं तुटतं. म्हणून नवीन जोडीदारासोबत बसताना पहिल्या बोर्डाच्या आधी विचारा, कन्व्हेन्शन कार्डावर लिहा, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे अलर्ट किंवा घोषणा करा, कारण तुमचा दोन बदाम हा बदाम दाखवत नाही हे समोरच्यांना कळणं त्यांचा हक्क आहे. एक किंमतही मोजावी लागते, दोन चौकट आता ट्रान्सफरला गेलं म्हणजे कमजोर पानांवर चौकटमध्ये थांबायचं असेल तर तो दरवाजा बंद झाला. आम्हाला ती किंमत रास्त वाटते, बदाम आणि इस्पिकचे डाव जास्त कामाचे असतात.

अजून एक गोष्ट ठरवून ठेवा. तुमच्या दोन बदामला समोरच्याने डबल दिलं तर तो बहुतेक बदामची उतारी मागतोय. अशा वेळी ओपनरने इस्पिकची तीन किंवा जास्त पानं असतील तरच दोन इस्पिक बोलायचं आणि दोनच असतील तर पास द्यायचा, म्हणजे भिडूला जोडी किती पानांची आहे ते लगेच कळतं. आणि एक नो ट्रम्पवर समोरच्याने मध्येच स्वतःचा रंग बोलला तर वेगळं काही ठरलेलं नसेल तोवर ट्रान्सफर बंद धरा, मग दोन इस्पिक म्हणजे इस्पिकच.