जुन्या घरावर मजला चढवायचा आहे: पायाची तपासणी, पात्रता, कागदपत्रे आणि परवानगी

वरचा मजला चढवायचा ठरला की बहुतेक जण आधी आर्किटेक्टकडे नकाशा काढायला जातात. जुना पाया हे वजन पेलेल का, हे कोणी विचारतच नाही. अर्जासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थिरता प्रमाणपत्र लागते, ते ‘करून मिळेल’ असे गृहीत धरलेले असते. माझ्या मते क्रम उलटा हवा. पाया उघडून बघितल्याशिवाय दिलेल्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ नसतो. शिवाय पाया कमी पडला तर सगळा नकाशाच बदलावा लागतो, म्हणजे नकाशावर घातलेले पैसेही पाण्यात जातात.

इथे महाराष्ट्रातल्या महापालिका किंवा नगरपालिका हद्दीतले साधे बैठे घर डोळ्यांसमोर ठेवले आहे. १९८०-९० च्या दशकातले, नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेले, कॉलम नसलेले. म्हणजे भिंतच वजन वाहून नेते, त्या प्रकारचे.

आधी पात्रता

पहिला प्रश्न जुन्या बांधकामाचा. ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का आणि त्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का? खालचेच बांधकाम अनधिकृत असेल तर त्यावरच्या मजल्याला परवानगी मिळत नाही. ते नियमित होण्यासारखे असेल तर आधी नियमित करून घ्यावे लागते. मागच्या अंगणात नंतर काढलेली न्हाणी किंवा पुढे वाढवलेला पोर्च इथेच आडवा येतो.

दुसरा प्रश्न एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते याचा. मुंबईला स्वतंत्र नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक इतर शहरांना २०२० साली आलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. महापालिका क्षेत्रात दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय १.१० धरला, तर १५० चौरस मीटरच्या प्लॉटवर १६५ चौरस मीटर बांधता येते. खाली ८० चौरस मीटर झाले असेल तर वर तेवढाच मजला बसतो. पुढे-मागे सोडायची जागा, रस्त्याची रुंदी आणि गावठाणातले वेगळे नियम आर्किटेक्ट तपासून देतो. ग्रामपंचायत हद्दीत, विशेषतः गावठाणाबाहेर, परवानगी देणारे कार्यालय वेगळे असते. तिथे तालुक्यात चौकशी करूनच पुढे जावे.

पाया प्रत्यक्ष बघणे

जुन्या नकाशात पाया अडीच फूट रुंद दाखवलेला असतो, पण गवंड्याने जागेवर दोन फूटच भरला, असे सर्रास आढळते. म्हणून खड्डा घ्यावाच लागतो. सर्वांत जास्त वजन येणारी मधली भिंत आणि एक बाहेरची भिंत, अशा किमान दोन ठिकाणी भिंतीला लागून साधारण मीटरभर लांबीचा खड्डा पायाच्या तळापर्यंत घेतात. तळाखाली खणत नाहीत. दोन खड्डे एकाच वेळी उघडे ठेवत नाहीत आणि पावसाळ्यात हे काम करत नाहीत. मधल्या भिंतीसाठी खोलीतली फरशी काढावी लागते. त्यामुळे घरचे लोक कुरकुरतात आणि हाच खड्डा टाळला जातो. खरे तर तोच सर्वांत महत्त्वाचा.

खड्ड्यात चार गोष्टी बघायच्या. पायाची खरी रुंदी किती, खोली किती, डबर सिमेंटमध्ये भरला आहे की मातीत, आणि तळाशी जमीन कसली आहे. सळईचे टोक सांध्यात खुपसून बघा. भुसा सांडत ती सहज आत गेली तर सांधा मेलेला आहे. तळाशी पिवळसर कडक मुरूम असेल तर पहार मारल्यावर खडे उडतात. काळी माती असेल तर ओलसर ढेकूळ बोटांनी दाबता येते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. डोळ्यांनी एवढे कळते. जमीन किती भार घेईल हा आकडा मात्र जमिनीच्या चाचणीवरूनच काढायचा. त्यासाठी नमुने माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जातात, गरज पडली तर बोअर किंवा प्लेट लोड चाचणी होते. अहवालात ‘सेफ बेअरिंग कपॅसिटी’ म्हणून जो आकडा येतो, त्यालाच साइटवर एसबीसी म्हणतात.

हिशेब कसा बसतो

समजा मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बारा फुटी, म्हणजे ३.६ मीटर गाळ्याच्या खोल्या आहेत. स्लॅब दोन्हीकडून याच भिंतीवर टेकतो, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ३.६ चौरस मीटर स्लॅबचे वजन येते. पाच इंची स्लॅब, त्यावरचा कोबा आणि गच्चीवर माणसे-सामानासाठी धरायचा दीडशे किलोचा वापरभार मिळून चौरस मीटरला सुमारे ६५० किलो होतात. म्हणजे स्लॅबचे २.३ टन. तीन मीटर उंच नऊ इंची भिंत गिलाव्यासह दीड टन. जोत्याचे आणि जमिनीखालचे दगडी बांधकाम काँक्रीटसह पावणेदोन टन. एकूण साधारण ५.६ टन. पाया ७५ सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीवर चौरस मीटरला साडेसात टन दाब आजच आहे.

आता वर मजला. नवी भिंत दीड टन, नवा स्लॅब २.३ टन. जुनी गच्ची आता राहती खोली झाली, तिचा वापरभार दोनशे किलो धरावा लागतो, त्याचे दोनेकशे किलो. मिळून चार टनांची भर. एकूण ९.६ टन, म्हणजे दाब चौरस मीटरला १२.८ टन. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर फरशी बसवली तर मीटरमागे आणखी साडेतीनशे किलो वाढतात. म्हणून कोबा फोडून मगच फरशी करतात.

तळाशी कडक मुरूम असून एसबीसी वीस टनांच्या आसपास आली, तर हा पाया पास. काळ्या मातीत ती दहा टन किंवा त्याखाली आली, तर पास होत नाही. वर स्लॅबऐवजी लोखंडी ट्रसवर पत्रा टाकला तर भर चारऐवजी दोन टनांच्या आसपास येते आणि दाब सुमारे दहा टनांवर राहतो. दहा टन एसबीसीच्या जमिनीत हे अगदी काठावर बसते, त्यात मार्जिन काही उरत नाही. पुण्याकडे भूकंप क्षेत्र तीन आहे आणि कोयनेच्या बाजूला चार, तेव्हा काठावरच्या हिशेबावर मी स्वतः तरी सही मागणार नाही.

पाया पास झाला तरी भिंत नापास होऊ शकते. दोन मजल्यांचे मिळून तळमजल्याच्या भिंतीत चौरस मीटरला ३४ टन दाब येतो. चांगली वीट आणि एकास सहा सिमेंटचा मसाला असेल तर नऊ इंची भिंत एवढा दाब घेते, पण थोडक्यात. मातीच्या किंवा खराब चुन्याच्या सांध्याची भिंत घेत नाही. जिथे दोन खिडक्यांमध्ये जेमतेम दीड फुटाचा तुकडा उरलेला असतो, तिथला हिशेब वेगळा करावा लागतो.

भेगांचेही एक सांगतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी सांध्यातून जाणारी भेग म्हणजे पाया कुठेतरी बसला आहे. ती थांबली आहे की चालू आहे, हे ओळखायला भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख टाकतात. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत काच तडकली नाही, तर हालचाल थांबल्याचे धरता येते. काळ्या मातीतल्या घराबाबत ही घाई करू नये, कारण हालचाल ऋतूप्रमाणे होते.

घर कॉलम-बीमचे असेल तर खड्डा फूटिंगपाशी, म्हणजे कॉलमखालच्या पायापाशी घेतात आणि काँक्रीटची ताकद हॅमर व कोअर चाचणीने बघतात. गच्चीवर कॉलमच्या सळया पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या असतात, त्यावरून ‘पाया दोन मजल्यांचा आहे’ असे सांगतात. सळया फक्त मालकाची इच्छा सांगतात, फूटिंग किती मोठे आहे ते सांगत नाहीत. शिवाय पंचवीस वर्षे पावसात राहिलेल्या सळया गंजून बारीक झालेल्या असतात.

अर्ज आणि कागदपत्रे

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि कलम ४५ खाली मंजुरी मिळते. बहुतेक ठिकाणी तो बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याच्या लॉगिनमधून भरला जातो. मालकाला स्वतः नकाशे अपलोड करावे लागत नाहीत.

मालकीसाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा लागतो. सहमालक असतील तर त्यांची संमती घ्यावी लागते. भावांची सामाईक मिळकत असेल तर प्रकरण इथेच अडकते. जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि चालू मालमत्ता कराची पावती जोडतात. नव्या नकाशात जुने आणि नवे बांधकाम वेगळे रंगवून दाखवतात. त्यासोबत आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूक पत्रे आणि स्थिरता प्रमाणपत्र. जुना नकाशा हरवला असेल तर पालिकेच्या बांधकाम विभागाकडे प्रमाणित प्रत मागता येते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा.

स्थिरता प्रमाणपत्राच्या मागे काय आहे ते स्वतः वाचा. त्यात खड्ड्यांच्या जागा, मोजलेली रुंदी-खोली, एसबीसीचा अहवाल आणि भिंतवार हिशेब असायला हवा. ‘इमारत पाहिली, सुस्थितीत आढळली’ एवढी एकच ओळ असेल तर ते परत द्या.

छाननी शुल्क, विकास शुल्क आणि नियमाप्रमाणे कामगार उपकर भरावा लागतो. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो, मात्र स्वतःच्या राहण्यासाठीचे ठरावीक खर्चापर्यंतचे बांधकाम त्यातून वगळले आहे. प्रकरण पूर्ण आणि नियमात बसणारे असेल व साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे. पण त्रुटी कळवल्या असतील तर त्या पुऱ्या केल्यापासून मोजणी धरतात, तेव्हा तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. परवानगी नाकारली तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्षासाठी असते. दरवर्षी मुदतवाढ मागता येते, पण ही वाढ एकूण तीन वर्षांपर्यंतच.

पाया नापास झाला तर

एक मार्ग म्हणजे जुन्या भिंतींवर भार न टाकता घराच्या बाहेरच्या कडेने नवे फूटिंग आणि कॉलम उभे करून वरचा मजला त्यांच्यावर पेलणे. यात सोडायच्या जागेतून कॉलम जातात, त्यामुळे नकाशा मंजूर होतो का ते आधी बघावे लागते. दुसरा मार्ग पाया टप्प्याटप्प्याने रुंद करण्याचा. भिंतीखाली मीटर-मीटरचे तुकडे, एक सोडून एक, उघडून भरत जायचे. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे आणि तो हिशेब अर्जातच दाखवावा. काम चालू असताना रुंदीकरण ठरवले तर सुधारित नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो.

काम संपल्यावर आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पूर्णत्व प्रमाणपत्र देऊन वरच्या मजल्याचे भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे. त्यानंतर कर आकारणी विभाग फेरमोजणी करून मालमत्ता कर वाढवतो.