ब्लीड, ट्रिम आकार व क्रॉप मार्क

छापील कागद शेवटी ज्या मापाला कापला जातो ते माप म्हणजे ट्रिम आकार. त्या मापाबाहेर चित्र किंवा रंग मुद्दाम वाढवून ठेवलेला पट्टा म्हणजे ब्लीड, आणि कुठे कापायचे हे दाखवणाऱ्या कोपऱ्यांबाहेरच्या बारीक रेघा म्हणजे क्रॉप मार्क. कोल्हापूरच्या छपाईच्या दुकानांत या रेघांना बहुधा ‘कटिंग मार्क’ म्हटले जाते.

ब्लीड या इंग्रजी शब्दाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. शाई कडेबाहेर वाहते, म्हणून ब्लीड, हे त्यांपैकी लोकप्रिय. दुसरे पुस्तकबांधणीतले आहे : कडा कापताना पाते मजकुरात शिरले, तर पुस्तक ‘रक्तबंबाळ’ झाले असे इंग्रज बांधणीवाले म्हणत. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातील बांधणीच्या शब्दसूचींत आढळत असल्याने तोच मूळ असावा असे दिसते. तसे असल्यास शब्दाचा प्रवास उलटा झाला : आधी जो दोष होता, तो पुढे ठरवून करायची गोष्ट झाला.

ब्लीडची गरज पडते ती कटिंग मशीनमुळे. छापताना प्रत्येक कागदावर चित्र किंचित सरकते. शिवाय गठ्ठा कापताना पाते कागदाला थोडे ओढते, त्यामुळे वरचा आणि खालचा कागद अगदी एकाच मापाचे निघत नाहीत. चित्र नेमके कटाच्या रेषेवर संपले असेल, तर काही प्रतींच्या कडेला पांढरी रेघ उमटते. यासाठी चारही बाजूंना ३ मिमी जास्त ठेवण्याचा रिवाज आहे. इंचांत काम करणारे अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिमी धरतात. काही जण ५ मिमी मागतात. पण साध्या पत्रकाला ३ मिमी पुरतात.

चूक बहुतेक वेळा क्लिप करताना, म्हणजे फोटो चौकटीत बसवताना होते. समजा, रंकाळ्याचा संधिप्रकाशातला फोटो चारही कडांपर्यंत नेणारे A5 हस्तपत्रक CorelDRAW मध्ये करायचे आहे. ट्रिम आकार १४८ × २१० मिमी. आयताच्या टूलवर डबल-क्लिक केले की पानाएवढा आयत आपोआप तयार होतो. सोय म्हणून फोटो त्यातच PowerClip केला जातो आणि तिथेच ब्लीड संपते, कारण चौकटीबाहेरचा फोटो फाइलमध्ये असला तरी छपाईला दिसत नाही. पानाच्या सेटिंगमध्ये ब्लीड ३ मिमी लिहिल्याने फक्त सीमा ठरते. त्या सीमेपर्यंत चित्र काही पोहोचत नाही. आयत निवडून त्याचे माप १५४ × २१६ मिमी करावे, P दाबून तो पानाच्या मध्यावर आणावा आणि मग फोटो त्यात क्लिप करावा. पान मात्र १४८ × २१० मिमीचेच राहू द्यावे. PDF काढताना Prepress मध्ये ब्लीड व क्रॉप मार्क दोन्ही चालू ठेवावे लागतात.

फोटोच मुळात १४८ × २१० मापाचा बेतून आणला असेल, तर तो प्रमाणात सुमारे ४ टक्के मोठा करावा लागतो. त्यात उंची २१८.५ मिमी होते आणि अडीच मिमी चौकटीबाहेर जाते. शिवाय कट आतही सरकू शकतो. म्हणून फोन नंबर, नाव किंवा पत्ता कटाच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत ठेवतात. कडेला समांतर बारीक किनार असलेली लग्नपत्रिका इथे सर्वांत दगाबाज ठरते : १ मिमीची चूक साध्या पत्रकावर कळत नाही, पण किनार एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

क्रॉप मार्क ब्लीडच्या बाहेरून सुरू व्हायला हवेत. Adobe च्या प्रोग्राममध्ये कटाच्या रेषेपासून त्यांचे अंतर मुळात २.११७ मिमी असते, म्हणजे ३ मिमी ब्लीडपेक्षा कमी. तसेच सोडले तर रेघेचे टोक चित्रावर येते आणि कट दोन मिमीहून जास्त बाहेर गेला की कोपऱ्यात काळा ठिपका राहतो. हे अंतर ३ मिमी किंवा अधिक करावे.

फाइल तपासण्याची सोपी खूण म्हणजे PDF चे माप. मार्कांशिवाय काढलेल्या या पत्रकाची PDF १५४ × २१६ मिमी दिसली पाहिजे. १४८ × २१० दिसली, तर ब्लीड गेलेच नाही. माप बरोबर आणि कडेला पांढरा पट्टा असेल, तर क्लिपची चौकट छोटी राहिली आहे.

शीटची निवडही यावरच ठरते. चार पत्रके दोन-दोन मांडली की ब्लीडसह ३०८ × ४३२ मिमी जागा लागते. १२ × १८ इंची शीटची रुंदी जवळपास ३०५ मिमी असल्याने ती अपुरी पडते. SRA3 (३२० × ४५० मिमी) वर पत्रके बसतात, पण लांब बाजूंना केवळ ६ मिमी उरतात, त्यातही मशीन अगदी कडेपर्यंत छापत नाही, त्यामुळे तिथल्या मार्कांची टोके कापली जाऊ शकतात. १३ × १९ इंची शीटवर त्याच बाजूंना ११ मिमी मिळतात.