दारू उतरतेय की डोक्यात रक्त साचतंय?

समजा रात्री 11 ला एक चाळिशीतला माणूस, चांगली चढलेली, जिन्यावरून घसरतो आणि कानशिलावर आपटतो. मिनिटभर गप्प, मग उठून "काय नाय झालं रे" म्हणून हसतो पण. 12 ला एक उलटी, डोकं दुखतंय म्हणतो. सगळे म्हणतात दारूच आहे, झोपू द्या. 1 ला तो जोरात घोरतोय आणि हलवलं तर नुसतं "हं" करतो.

इथे घड्याळ बघायचं. शेवटच्या पेगनंतर तासभर नशा थोडी वाढू शकते, पण पुढे ती उतरायलाच हवी, लिव्हर साधारण तासाला एक छोटा पेग एवढी दारू संपवतं. म्हणजे 11 ला बोलणारा माणूस 1 ला त्याहून बरा हवा. उलट झालं तर ती दारू नाही! कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, हाड तडकलं की ती फाटते आणि रक्त हाड आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचत जातं, मेंदूवर दाब यायला वेळ लागतो म्हणून मधले काही तास माणूस अगदी ठीक वाटू शकतो.

त्यामुळे लक्ष ठेवायचं म्हणजे शेजारी बसून मोबाईल बघणं नाही. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने पूर्ण जागं करा, मग तासातासाने. नाव विचारा, कुठे आहेस विचारा, दोन्ही हातांनी बोटं दाबायला सांगा. उत्तरं आधीपेक्षा बरी की वाईट, एवढंच बघायचं.

दोन तासांनीही पूर्ण भानावर नाही, परत उलटी झाली, झटका आला, एक हात-पाय ढिला पडला, नाका-कानातून पाण्यासारखं काही येतंय, डोकेदुखी वाढतच चाललीय, किंवा तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. आपला माणूस 1 ला यात बसतोच. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं ही फार उशिराची खूण आहे, तिची वाट बघू नका. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत उलटी घशात जाऊ नये म्हणून कुशीवर वळवा, पण डोकं-मान-धड एका रेषेत ठेवून, कारण पडताना मानेलाही लागलेलं असू शकतं. आणि डोकं दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं गणित अजून वेगळं. त्याचा मेंदू आकसलेला असतो, त्यामुळे मेंदू आणि कवटीमधल्या शिरा ताणलेल्या, वर लिव्हर खराब म्हणून रक्त नीट गोठत नाही. अशात साध्या धक्क्यानेही शीर तुटून हळूहळू रक्त झिरपतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो विसरायला लागतो, चालताना झुकतो, तेव्हा पडल्याचं कुणाला आठवतही नसतं.