१ + २ + ४ + ८ + … = −१ ?

धन संख्या मिळवत गेलं की शेवटी ऋण एक उरतो, असं ‘सिद्ध’ करणारा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला आहे. युक्ती अशी: १ + २ + ४ + ८ + … ही बेरीज S माना. पहिला १ बाजूला काढला तर उरलेलं २ + ४ + ८ + … हे मूळ बेरजेच्या दुप्पट, म्हणजे २S. म्हणून S = १ + २S, आणि S = −१.

यातलं बीजगणित ठीक आहे. लबाडी ‘S माना’ या दोन शब्दांत आहे. अशी एखादी संख्या असेल, तरच ती समीकरणाच्या या बाजूकडून त्या बाजूला नेता येते. ती आहे की नाही, हे कुणी तपासलंच नाही.

भूमितीय श्रेढीत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळतं. ती संख्या म्हणजे सामाईक गुणोत्तर r. पहिलं पद a असेल, तर अनंत पदांच्या बेरजेचं पाठ केलेलं सूत्र आहे a/(१ − r). पण अनंत पदं कुणीच मिळवत नाही. आपण मिळवतो पहिली n पदं, आणि त्यांची बेरीज दोन तुकड्यांत लिहिली की सगळं उघडं पडतं:

Sₙ = a/(१ − r) − rⁿ · a/(१ − r)

पहिला तुकडा म्हणजे आपलं सूत्र. n कितीही वाढला तरी तो जागचा हलत नाही. सगळा खेळ दुसऱ्या तुकड्याचा. r हा −१ आणि १ यांच्या मध्ये असेल तर rⁿ झिजत शून्याकडे जातो, आणि तेव्हाच तो तुकडा टाकून द्यायची मुभा मिळते. r = २ असताना Sₙ = −१ + २ⁿ. व्हिडिओवाल्यांनी −१ ठेवला आणि २ⁿ गुपचूप फेकून दिला!

r = −१ ची गंमत जुनी आहे. १ − १ + १ − १ + … साठी सूत्र १/२ देतं. इटलीतले गणिती आणि धर्मगुरू ग्वीदो ग्रांदी यांनी १७०३ मध्ये ही बेरीज मांडली. कंस घालून तीच ० + ० + … होते, यात त्यांना शून्यातून सृष्टी निर्माण होण्याचा दाखला दिसला. सृष्टीचं काहीही असो, इथे बेरीज १ आणि ० यांच्यात उड्या मारत राहते, १/२ वर कधीच टेकत नाही. आजही अशा उत्तरांतून ब्रह्मांडाचं रहस्य काढणाऱ्यांना आधी फक्त r विचारावा.

मला जास्त भीती वाटते ती ऋण गुणोत्तराची. a धन आणि r एकापेक्षा मोठा असला तर सूत्र ऋण उत्तर देऊन स्वतःच बोंब मारतं. r हा −१ च्या खाली गेला की ते साळसूद उत्तर देतं. ५ − ७.५ + ११.२५ − … घ्या. इथे r = −३/२, आणि सूत्राचं उत्तर ५/२.५ = २. पाहून कुणालाही शंका येणार नाही. आता खरोखर मिळवत चला: ५, −२.५, ८.७५, −८.१२५. दोनपासूनचं अंतर ३, मग ४.५, मग ६.७५, मग १०.१२५, दर पायरीला दीडपट.

याउलट ५ − १०/३ + २०/९ − … मध्ये r = −२/३, आणि सूत्र म्हणतं ३. मिळवत गेलं की ५, १.६७, ३.८९, २.४१, ३.४० असे आकडे येतात. ही बेरीजसुद्धा तीनच्या अलीकडे-पलीकडे झुलते, पण प्रत्येक वेळी अंतर आधीच्या दोन-तृतीयांश होतं. उत्तर पडताळायची माझी पद्धत हीच: चार-पाच बेरजा काढायच्या आणि सूत्राच्या उत्तरापासूनचं अंतर आटतंय की फुगतंय ते बघायचं.

नुसत्या बेरजांच्या आकारावर मात्र विसंबू नये. a = १ धरून पहिली दहा पदं मिळवली, तर r = ०.९९ ला सुमारे ९.५६ येतात आणि r = १.०१ ला सुमारे १०.४६. दोन्ही सारख्याच वाटतात, पण पहिली बेरीज शंभरावर थांबणार आहे आणि दुसरी कुठेच नाही. म्हणून आधी r काढायचा, तोही दोन-तीन ठिकाणी लागोपाठच्या पदांचा भागाकार करून. १ + १/२ + १/३ + … मध्ये ही गुणोत्तरं १/२, २/३ अशी बदलतात. ती भूमितीय श्रेढीच नाही, त्यामुळे हे सूत्र तिला लागू नाही.

आणि तो −१ अगदीच निराधार आहे असंही नाही. आठ बिटांच्या नोंदीत ११११११११ म्हणजे १ + २ + ४ + … + १२८, म्हणजेच २⁸ − १. पण चिन्हासह पूर्णांक साठवताना संगणक हीच नोंद −१ म्हणून वाचतो. तीत १ मिळवला की हातचा नवव्या जागी जातो, तिथे जागाच नसते, आणि उरतं शून्य. २⁸ फेकून द्यायची परवानगी तिथे खरोखरच आहे.