उभी ऑर्डर आणि झालेला सौदा

शेअरच्या खरेदी-विक्रीच्या उभ्या ऑर्डर भावानुसार दाखवणाऱ्या मार्केट डेप्थच्या खिडकीत ‘खरेदी ५०,०००’ असे दिसले की नव्याने व्यवहार करणारा माणूस मनाशी म्हणतो, ‘मोठी खरेदी चालू आहे.’ वास्तविक तेव्हा काहीही चालू नसते. तो आकडा प्रलंबित ऑर्डरचा, म्हणजे अद्याप न झालेल्या आणि कोणत्याही क्षणी मागे घेता येणाऱ्या खरेदीचा असतो. झालेली खरेदी त्याच पडद्यावर व्हॉल्यूमच्या रकान्यात दिसते आणि ती मागे घेता येत नाही. मात्र व्हॉल्यूममधल्या प्रत्येक शेअरला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, त्यामुळे तिथेही ‘खरेदी जास्त झाली’ असे सरसकट म्हणता येत नाही.

समजा, एनएसईवरील एका शेअरच्या खरेदीच्या बाजूला ४१२.०० रुपयांना १,२००, ४११.९५ ला ९०० आणि ४११.९० ला ५०,००० शेअर उभे आहेत, आणि ऑर्डरसंख्येच्या रकान्यात त्या शेवटच्या ओळीसमोर फक्त १ लिहिले आहे. हा १ पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. पण पन्नास हजार शेअर दोनशे जणांचे असणे आणि एकाच ऑर्डरचे असणे यांत फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात एका माणसाचा विचार बदलला की सगळी ओळ नाहीशी होते.

या तीन ओळींवरून खात्रीने सांगता येते ते इतकेच: या क्षणी कोणी ३,००० शेअर बाजारभावाने विकले, तर १,२०० पहिल्या भावाला, ९०० दुसऱ्या भावाला आणि उरलेले ९०० तिसऱ्या भावाला जातील, आणि त्याला सरासरी ४११.९५५ रुपये मिळतील. डेप्थचा खरा उपयोग हा आहे. ‘भाव ४११.९० च्या खाली जाणार नाही’ हा निष्कर्ष मात्र त्या ओळींत नाही. तो पाहणाऱ्याने आपल्या पदरचा घातलेला असतो.

मोठी ऑर्डर खरी आहे की नाही याचा थोडाफार अंदाज येतो, तो भाव तिच्यापर्यंत पोहोचल्यावर. त्या वेळी दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. समजा, दिवसाचा व्हॉल्यूम ६,४०,००० असताना वरच्या दोन्ही ओळी संपल्या आणि ४११.९० हा सर्वोत्तम खरेदीभाव झाला. काही सेकंदांत ५०,००० चे ३८,००० झाले आणि व्हॉल्यूम सुमारे ६,५२,००० वर गेला, तर बारा हजार शेअर खरोखर घेतले गेले. उलट ती ओळ पूर्ण नाहीशी झाली, सर्वोत्तम खरेदीभाव ४११.८५ वर आला आणि व्हॉल्यूम जेमतेम तीनशेने वाढला, तर ऑर्डर रद्द झाली किंवा दुसऱ्या भावाला हलवली गेली. तिसरी शक्यताही आहे: त्या भावाला भराभर सौदे होतात, तरी उभी संख्या घटतच नाही. तिथे बहुधा संख्या झाकून ठेवलेली ऑर्डर असते. एनएसईच्या रोखीच्या बाजारात ऑर्डरच्या किमान दहा टक्के इतकीच संख्या उघड करण्याची मुभा आहे, त्यामुळे पडद्यावरच्या ५,००० मागे ५०,००० असू शकतात. नवे खरेदीदार येऊन त्याच भावाला रांगेत उभे राहिले तरीही चित्र असेच दिसते, म्हणून ‘बहुधा’ हा शब्द सोडता येत नाही.

ज्याला खरोखर पन्नास हजार शेअर घ्यायचे आहेत, तो सहसा ते असे उघड्यावर मांडत नाही. त्याची भूक दिसली की बाकीचे पाच पैसे वर जाऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि त्यालाच माल महाग पडतो. त्यामुळे मोठी ऑर्डर उघडपणे दिसते तेव्हा ती दिसावी अशीच कोणाची इच्छा आहे का, हा प्रश्न मी आधी विचारतो. लंडनजवळच्या हाउन्स्लोमध्ये आईवडिलांच्या घरातून व्यवहार करणाऱ्या नविंदर सराव याने शिकागोच्या ई-मिनी एस अँड पी या अमेरिकी शेअर निर्देशांकावरच्या वायद्यांत, विकणारे भरपूर आहेत असा भास व्हावा म्हणून, विक्रीच्या मोठ्या ऑर्डर बाजारभावाच्या थोड्या वर रचल्या होत्या. भाव हलला की त्याही हलत, म्हणजे सौदा होण्याइतक्या जवळ त्या सहसा येतच नसत. ६ मे २०१० या अमेरिकी बाजाराच्या पडझडीच्या दिवशीही त्याने हेच केले होते. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. अर्थात प्रत्येक रद्द ऑर्डर लबाडीची नसते. वायद्यातला भाव हलला म्हणून रोखीतली ऑर्डर सरकवणे हा रोजचा भाग आहे, आणि हेतू पडद्यावर दिसत नाही.

खिडकीच्या तळाशी असलेल्या एकूण खरेदी आणि एकूण विक्री या आकड्यांची तुलना तर मी करतच नाही. बाजारभावापासून आठ-दहा टक्के दूर, ‘लागली तर लागली’ म्हणून टाकलेल्या ऑर्डरही त्यांत मिसळलेल्या असतात. याउलट भाव ठरावीक पातळीला येईपर्यंत न जागणाऱ्या स्टॉपलॉस ऑर्डर सर्वोत्तम पाच भावांच्या ओळींत दिसत नाहीत. ४११.९० च्या खाली त्या साचलेल्या असतील, तर भिंतीसारखी वाटणारी ती ऑर्डर निघून जाताच त्या एकामागून एक जाग्या होतात आणि भाव नेमका तिथूनच वेगाने घसरतो.