कलिंगडाचा पिवळा डाग, खरबुजाची खळी

हिरवा आंबा अढीत घातला की आठवडाभरात गोड होतो. झाडावर असतानाच त्याने पिठूळ स्टार्चचा साठा करून ठेवलेला असतो आणि पिकताना त्याचीच साखर होते. कलिंगडात आणि खरबुजात असा साठा नसतो. पानांत तयार झालेली साखर देठातून फळात उतरेल तेवढीच त्यांची गोडी. एकदा देठ तुटला की ती आवक बंद झाली. खरबूज घरी ठेवल्यावर मऊ पडतं, घमघमतं, पण गोडी वाढत नाही. म्हणून हातगाडीपुढे उभं राहिल्यावर शोधायचं ते एवढंच की हे फळ वेलावर पुरेसं थांबलं होतं का. रमजानात भाव चढले की तोडणीची घाई होते, तेव्हा तर हे बघायलाच हवं.

कलिंगड (विदर्भ-खानदेशात टरबूज) हातात घेतलं की आधी उलटं करा. जी बाजू जमिनीला टेकलेली असते तिला ऊन मिळत नाही, म्हणून तिथे हिरवा रंग भरत नाही. कोवळ्या फळात हा डाग पांढरट किंवा फिकट हिरवा असतो. फळ पक्व होत जातं तसा तो सायीसारखा आणि मग लोण्यासारखा पिवळा होतो. हल्ली बाजारात गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या सालीची फळं जास्त दिसतात. त्यांच्यावर हा पिवळा छान उठून दिसतो. शेतात अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरवर वाढलेल्या फळालाही डाग पडतो, कारण टेकलेल्या बाजूला तिथेही ऊन लागत नाहीच. डाग केवढा आहे याला फार महत्त्व नाही, रंग बघायचा. मात्र संध्याकाळी गाडीवरच्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक डाग पिकलेलाच वाटतो, तेव्हा फळ दिवसाउजेडी घ्यावं. डाग, वजन, आवाज आणि देठ या चार खुणांत मी या डागावर सर्वांत जास्त भरवसा ठेवते.

वजनाबद्दल मात्र गैरसमज फार. ‘जड ते गोड’ म्हणतात, पण जड फळ कच्चंही असू शकतं. वजनावरून कळतं ते आतली पोकळी. परागीभवन नीट झालं नाही तर काही कलिंगडांचा गर मध्येच फाटतो आणि भेग पडते. हे घरी ताडून बघता येतं. गोल फळाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. समजा 60 सेंटिमीटर भरला. 60 चा घन 2,16,000. त्याला 59 ने भागलं की आकारमान साधारण 3,660 घनसेंटिमीटर येतं. भरीव कलिंगड पाण्यापेक्षा किंचितच हलकं असतं, म्हणजे या फळाचं वजन साडेतीन किलोच्या आसपास हवं. तीन किलोच भरलं तर आत पोकळी असण्याची शक्यता बरीच. लांबट फळाला हा हिशेब लागू पडत नाही. बाजारात टेप कोण काढणार? तिथे एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत तोलायची आणि जड असेल ते घ्यायचं.

आता आवाज. कच्च्या फळाचा गर कडक असतो, टिचकी मारली की तो भरभर कंप पावतो आणि टणटण असा चढा आवाज येतो. पिकताना गर सैल होतो, कंप मंदावतो आणि आवाज खाली उतरतो, डबडब असा. अगदी मेलेला, बसका आवाज आला तर फळ जून होऊन गर पिठूळ झालेला असतो. अडचण अशी की लहान फळ पिकलेलं असलं तरी मोठ्यापेक्षा चढंच वाजतं. म्हणून सारख्या आकाराच्या पाच-सहा फळांवर टिचक्या मारून तुलना केली तरच या खुणेला अर्थ. एकट्या फळावरून अंदाज करायला शेतकऱ्याचा सरावलेला कान लागतो.

देठाकडे दोन्ही फळं वेगवेगळं बोलतात. कलिंगड पिकलं तरी वेलापासून आपण होऊन सुटत नाही, कापावंच लागतं. शेतकरी बघतो ती देठाजवळची बाळी, म्हणजे वेलाचा कुरळा तंतू: ती वाळली की फळ तयार. पण बाळी वेलावरच राहते. आपल्यापुढच्या फळाचा सुकलेला देठ बहुतेक वेळा एवढंच सांगतो की तोडून काही दिवस झालेत.

जाळीदार खरबूज मात्र पिकताना देठाशी स्वतःच जोड सोडतं. तिथल्या पेशींचा एक थर सैल होतो आणि हलक्या हाताने उचललं तरी फळ मोकळं होतं. मागे उरते ती गोल, स्वच्छ, किंचित खोलगट खळी. तिथे कापलेल्या देठाचा तुकडा किंवा ओढून फाटलेली साल दिसली तर फळ बहुधा आधीच तोडलेलं आहे. जाळीखालची साल हिरवीऐवजी पिवळसर आहे का, हेही सोबत बघा. गुळगुळीत सालीच्या काही जाती पिकूनही देठ सोडत नाहीत. त्यांच्या बाबतीत सालीचा रंग आणि फुलाकडच्या टोकाचा वास यांवरच जावं लागतं.

अशी पूर्ण सुटलेली खरबुजं फार टिकत नाहीत. खळीपाशी ओल किंवा बुरशी नाही ना ते बघून घ्या, आणि आणल्यापासून दोन-तीन दिवसांत चिरा.